चोवीस तासांतील खरेदी कशी मोजावी

बेळगावातील कुंदा-मिठाईच्या दुकानाच्या ॲपवरून शनिवारी सायंकाळी सातला पुश नोटिफिकेशन पाठवले असेल, तर खरेदी रविवारी सायंकाळी सातपर्यंत मोजावी. तारीख बदलताच हिशेब थांबवल्यास हाती पाचच तास उरतात.

समजा, 10,000 जणांना पाठवलेले नोटिफिकेशन 8,200 फोनवर पोहोचले आणि 410 जणांनी उघडले. उघडण्याचे प्रमाण पोहोचलेल्यांवर काढून 5 टक्के लिहावे. चोवीस तासांत 150 जणांनी खरेदी केली, तरी ती सगळी नोटिफिकेशनच्या खात्यावर मांडू नये, कारण सुट्टीच्या दिवशी मिठाई एरवीही खपते. म्हणून आधीच आणखी 1,000 जण चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखे बाजूला ठेवावेत आणि त्यांना काहीच पाठवू नये. त्यांच्यापैकी 12 जणांनी खरेदी केली, तर 10,000 मागे 120 जण आपणहून आले असते, म्हणजे खरी वाढ सुमारे 30 जणांची. तुलना मात्र पाठवलेल्या सर्वांशीच करावी. उघडणारे मुळातच घेण्याच्या विचारात असतात. शिवाय 12 हा आकडा इतका लहान आहे की एकाच मोहिमेवरून निष्कर्ष काढणे माझ्या मते घाईचे ठरेल.

नोटिफिकेशन बंद करणाऱ्यांचा आकडा उशिरा येतो. सेटिंगमधून परवानगी काढल्याचे ॲपला सहसा पुढच्या वेळी उघडल्यावरच कळते, तर ॲप काढून टाकल्याचे बहुधा नंतरच्या पाठवणीत `UNREGISTERED` असे उत्तर आल्यावर. त्यामुळे सोमवारच्या उसळीचे मूळ शनिवारच्या मोहिमेत असू शकते. ही उसळी फक्त कन्नड निवडलेल्यांत दिसली, तर त्यांना मराठी मजकूर गेला होता का, हे आधी तपासावे.