सात मिलिमीटरची गाठ

"वडिलांचं वय ५७. तीस वर्षं रोज एक पाकीट सिगारेट, अजून चालूच. लो-डोस सीटी करावा का? त्यात गाठ दिसली तर कॅन्सरच समजायचा का?"

करा. लो-डोस सीटी म्हणजे कमी किरणांत होणारा छातीचा स्कॅन. वय ५० ते ८०, रोजची पाकिटं गुणिले वर्षं हा आकडा २० किंवा जास्त आणि सिगारेट चालू किंवा सोडून १५ वर्षं व्हायची, असं असेल तर दरवर्षी स्कॅन करावा, हा अमेरिकेतला २०२१ पासूनचा नियम. आपल्याकडे सरकारी मोहीम नाही, म्हणून आम्हीही तोच धरला.

आमचे आण्णा शिरोलीच्या फौंड्रीत होते. रोज एक पाकीट, २८ वर्षं. सोडून सहा वर्षं झाली तेव्हा कोल्हापुरातच स्कॅन केला. इंजेक्शन नाही, हात वर करून श्वास धरायचा, झालं. रिपोर्टात उजव्या फुप्फुसात ७ मिलिमीटरची घट्ट गाठ, पुढं 'लंग-रॅड्स ३', म्हणजे कॅन्सरचा संशय किती हे सांगणारी १ ते ४ मधली श्रेणी, आणि सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन. मोठ्या भावानं त्याच रात्री पुण्याला न्यायची तयारी केली. "गाठ ठेवून सहा महिने झोपायचं?" आठ दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. लंग-रॅड्स ३ मधल्या शंभर गाठींत कॅन्सर एखाद-दोन. तपासायला तुकडा काढायचा तर एवढ्या लहान गाठीत सुई नेमकी लागणं अवघड, आणि फुप्फुस टोचलं की हवा गळून छातीत नळी घालायची पाळी येऊ शकते. कॅन्सरची गाठ बहुतेक वाढते, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा मोजायची. १ किंवा २ आलं तर थेट वर्षानं. ४ आलं की मात्र तीन महिन्यांत किंवा लगेच पुढची तपासणी.

सहा महिन्यांनी आकडा आला ७.६. भाऊ म्हणाला, "बघ, वाढली की!" नव्हती वाढली. श्वास कमी-जास्त धरला तरी एवढा फरक पडतो. दीड मिलिमीटरच्या वर गेली तरच वाढ धरतात. पुढच्या वर्षी ७.२. भाऊ अजून म्हणतो, नशीब. मी म्हणतो, सुई न टोचण्याचा निर्णय बरोबरच होता, आणि गाठ वाढली असती तरी सहा महिने थांबणं बरोबरच ठरलं असतं.

एक राहिलं. वडिलांना थुंकीतून रक्त येत असेल, वजन उतरत असेल, तर ही तपासणी त्यांच्यासाठी नाही. सरळ छातीच्या डॉक्टरांकडं न्या. पूर्वी टीबी झाला असेल तर आधीच सांगा, त्याचे व्रणही गाठीसारखे दिसतात. आणि रिपोर्ट चांगला आला म्हणून सिगारेटला मोकळीक नाही, स्कॅन गाठ लवकर दाखवतो, ती व्हायची थांबवत नाही. पहिल्या स्कॅनची सीडी जपून ठेवा. पुढच्या वेळी शेजारी लावून बघायला तीच लागते, नुसत्या कागदावरच्या आकड्यानं भागत नाही.