घाऊक व्यापाऱ्याकडे मुदतवाढ मागावी का?

प्रश्न: माझं छोटं दुकान आहे. घाऊक व्यापारी ३० दिवसांच्या उधारीवर माल देतो, माझी मर्यादा ३ लाख. येत्या १८ तारखेला २,४०,००० चं बिल भरायचं आहे, पण एका संस्थेकडे माझे दीड लाख अडकलेत. ते तीन आठवडे उशिरा येतील असं त्यांनी कळवलंय. आजवर कधी बिल थकवलं नाही. बँकेत १ लाखाचा ओव्हरड्राफ्ट आहे, व्याज वर्षाला १४ टक्के. ‘सध्या अडचण आहे, कृपया थोडी मुदत द्यावी’ असं पत्र लिहून ठेवलंय. पाठवू का?

उत्तर: पत्र पाठवा, पण हे नव्हे. ‘थोडी मुदत’ वाचून व्यापाऱ्याला एवढंच कळतं की पैसे कधी येणार हे तुम्हालाही ठाऊक नाही. त्यालाही पुढे कंपनीचे पैसे भरायचे असतात. ठरलेल्या तारखेला येणारी रक्कम उशिराची असली तरी तो आपल्या हिशेबात बसवू शकतो.

मुदत फक्त दीड लाखाची मागा. उरलेले ९०,००० ठरल्या दिवशीच भरा. संस्थेचा शब्द धरला तर पैसे पुढच्या महिन्याच्या ९ तारखेच्या आसपास येतील, म्हणून व्यापाऱ्याला १२ तारीख द्या. मुदत एकदा वाढवून घेतल्यावर पुन्हा वाढवून मागणं फार जड जातं.

ओव्हरड्राफ्टला आत्ता हात लावू नका. आज तो वापरलात तरी ५०,००० कमी पडतील आणि हाताशी काहीच उरणार नाही. त्यापेक्षा तो १२ तारखेसाठी राखून ठेवा. संस्थेने पुन्हा टोलवलं तर १ लाख बँकेतून आणि ५०,००० गल्ल्यातून, असा शब्द पाळता येईल. त्यासाठी ते ५०,००० आजपासून रोजच्या विक्रीतून बाजूला टाकत चला. ते जमणार नसेल तर १२ तारीख देऊच नका. दुसऱ्याच्या पैशावर विसंबून दिलेली तारीख ही तुमची तारीख नसते.

तुमच्या पत्रात नव्या मालाचा उल्लेखच नाही आणि खरी अडचण तिथेच आहे. १८ तारखेला तुम्ही नेहमीसारखा २,४०,००० चा माल उचललात तर जुने दीड लाख धरून बाकी ३,९०,००० होते, म्हणजे मर्यादेच्या बाहेर. व्यापारी मुदतीला ‘हो’ म्हणेल आणि माल अडवेल. तो तुमची नड पाहण्याआधी खात्यावरची एकूण बाकी पाहतो. म्हणून या खेपेला ऑर्डर दीड लाखाचीच द्या. सावकाश खपणारा माल वगळा, रोजचा ठेवा. त्यामुळे १२ तारखेनंतर सहाच दिवसांनी येणारं पुढचं बिलही आटोक्यात राहील.

पत्र साधारण असं असावं, आणि ते १८ तारखेच्या आठवडाभर आधी पोहोचावं:

‘येत्या १८ तारखेच्या २,४०,००० च्या बिलापैकी ९०,००० त्याच दिवशी जमा करतो. एका संस्थेकडून येणी लांबल्यामुळे उरलेल्या १,५०,००० साठी पुढच्या महिन्याच्या १२ तारखेपर्यंत मुदत मिळावी, ही विनंती. या वेळची ऑर्डर १,५०,००० इतकीच ठेवतो, म्हणजे एकूण बाकी ३ लाखांच्या वर जाणार नाही. आपला होकार लेखी कळवावा.’

संस्थेचं रडगाणं लांबवू नका, कारण एका वाक्यात पुरे.

त्याने व्याज मागितलं तर? दीड लाखाला २४ दिवसांचं १४ टक्क्यांनी सुमारे १,४०० होतं. महिना दीड टक्का मागितला तर १,८०० होतील, म्हणजे वर्षाला १८ टक्के. अशा वेळी आधी घासाघीस करा. नाहीच ऐकलं तर फरक चारशेचाच आहे; तेवढ्यासाठी राखीव ओव्हरड्राफ्ट मोडण्यात मला शहाणपण दिसत नाही. पुढच्या तारखेचा चेक मागितला तर तो १२ तारखेचाच द्या, आणि त्या दिवशी खात्यात पैसे असतील याची तजवीज आधी करा.

पत्र पाठवण्यापूर्वी एक तपासणी मात्र कराच. मागच्या पाच-सहा बिलांच्या वेळी पैसे त्याच मालाच्या विक्रीतून आले होते, की पुढच्या खेपेचा माल विकून? पुढच्या मालावर मागचं बिल फिटत असेल तर संस्थेचं निमित्त आहे. तुमचा माल खपून पैसे यायला ३० दिवसांहून जास्त लागतात आणि तुटीचं मूळ ते आहे. मग एकदाची मुदतवाढ मागून भागणार नाही. तेव्हा कायमची ४५ दिवसांची उधारी मागावी लागेल किंवा संस्थेला उधार देणं कमी करावं लागेल. मी असतो तर संस्थेपासून सुरुवात केली असती: पुढचा माल देताना निम्मे पैसे आधी.