जवस खाल्लेल्या कोंबडीचं अंडं

प्रश्न: यवतमाळात साधं अंडं ७ रुपयांना आणि ओमेगा-थ्रीवालं १४ रुपयांना मिळतं. कोंबडीला असं काय चारतात? दुप्पट पैसे देण्यात अर्थ आहे का?

वणीजवळ माझं ३०० कोंबड्यांचं शेड आहे. मी जवस चारतो, बाकी काही नाही. कुणी माशाचं तेल किंवा शेवाळही वापरतं.

लेअर कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते. त्यात शंभरला दहा या हिशेबानं भरडलेलं जवस घातलं की तिच्या पोटात रोज ११ ग्रॅम जातं. जवस ९० रुपये किलो धरलं तर हा खर्च एक रुपयाच्या आसपास. तेवढं मका-सोयाबीन वाचतं, त्याचे ३३ पैसे वजा करा. शंभर कोंबड्यांमागं ८५ अंडी येतात असं धरलं तर एका अंड्यामागं वाढलेला खर्च ७८ पैसे. जवसाचं तेल खवट होऊ नये म्हणून ई जीवनसत्त्व घालावं लागतं, ते धरून रुपयाभर. वरचे सहा रुपये खोका, ब्रँड आणि दुकानदाराचे.

सुरुवातीला मी दोन चुका केल्या. स्वस्त पडते म्हणून जवसाची ढेप आणली. पण तेल घाण्यातच निघून गेलेलं, मग अंड्यात काय उतरणार? नंतर उत्साहात जवस शंभरला पंधरावर नेलं. कोंबड्या खाद्य सोडायला लागल्या, विष्ठा चिकट झाली आणि अंड्यांना मासळीसारखा वास आला. तपकिरी अंडी देणाऱ्या काही कोंबड्यांत हा वास लवकर येतो. एक गिऱ्हाईक तर उकडलेलं अंडं परत घेऊन आलं! शिवाय जवस सुरू केल्यावर बलकात ओमेगा-थ्री पुरतं भरायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवरची अंडी मी साध्या भावानंच विकतो.

आता खाणाऱ्याचं बघा. अशा अंड्यात सुमारे ३०० मिलिग्रॅम एएलए असतं, म्हणजे जवसातलंच ओमेगा-थ्री. घरच्या जवसाच्या चटणीत १० ग्रॅम जवस गेलं तरी दोन ग्रॅमच्या वर मिळतं, म्हणजे सहा-सात अंड्यांइतकं. नुसत्या त्यासाठी १४ रुपये देणं मला पटत नाही. पण मेंदू-डोळ्यांना लागणारं दुसरं ओमेगा-थ्री, म्हणजे डीएचए, आपलं शरीर जवसापासून फारच थोडं बनवतं. कोंबडीचं यकृत ते बनवून बलकात साठवतं: साध्या अंड्यात ३०-५० मिलिग्रॅम, जवसाच्या अंड्यात ७५-१०० च्या आसपास. घरात मासे शिजत नसतील आणि बाई गरोदर असेल, तर मी तिच्यासाठी ही अंडी घेईन. मासे खाणाऱ्या घरानं साधी घ्यावीत.

घेताना खोक्यावर डीएचए मिलिग्रॅममध्ये वेगळं लिहिलंय का ते पाहा. नुसतं ‘ओमेगा-थ्री’ लिहिलं असेल तर त्यात चटणीवालंच जास्त. बलकाच्या केशरी रंगावर जाऊ नका, तो झेंडूच्या पावडरनंही येतो. आणि बलक काढून पांढरंच खाणार असाल तर सात रुपयांचंच घ्या, पांढऱ्यात ओमेगा-थ्री नसतंच.