जीपीएस: चौथा उपग्रह कशासाठी, आणि उंचीच का जास्त चुकते

> तीन उपग्रहांपासूनची अंतरं कळली की जागा कळायला हवी ना? मग चौथा कशाला लागतो? आणि रेखांश-अक्षांश बरोबर येत असताना उंचीच एवढी का चुकते?

दोन्हींचं मूळ एकच आहे: रिसीव्हरचं घड्याळ.

रिसीव्हर अंतर थेट मोजत नाही, तो वेळ मोजतो. प्रत्येक उपग्रह स्वतःचा ठरलेला १०२३ चिपचा, म्हणजे तितक्या ०-१ अंकांचा, कोड दर मिलिसेकंदाला पाठवत असतो. रिसीव्हर तोच कोड आपल्या घड्याळाप्रमाणे तयार करतो आणि आलेल्या सिग्नलशी जुळेपर्यंत पुढे-मागे सरकवतो. किती सरकवावा लागला त्यावरून मिलिसेकंदाच्या आतली वेळ मिळते. पूर्ण मिलिसेकंद किती गेले, हे उपग्रहाच्या संदेशातल्या वेळेवरून कळतं. सिग्नल निघाल्याची वेळ अशी हाती आली की ती पोहोचल्याच्या वेळेतून वजा करायची आणि प्रकाशाच्या वेगाने गुणायचं.

निघाल्याची वेळ उपग्रहाच्या अणुघड्याळाची असते, पोहोचल्याची मात्र रिसीव्हरमधल्या साध्या क्वार्ट्झची. एक मायक्रोसेकंद चुकला की अंतर ३०० मीटरने चुकतं. म्हणून या मोजलेल्या अंतराला छद्म-अंतर म्हणतात. त्यातली घड्याळाची चूक सगळ्या उपग्रहांसाठी एकाच वेळी सारखीच असते आणि तीच आपल्याला वाचवते.

हे एका सरळ रेषेवर करून पाहा. रेषेच्या दोन टोकांना दोन उपग्रह आहेत, त्यांच्यात ४०,००० किमी अंतर आहे आणि रिसीव्हर मध्ये कुठेतरी आहे. त्याने मोजलेली अंतरं २१,३०० आणि १९,३०० किमी. बेरीज ४०,६०० येते, म्हणजे ६०० किमी जास्त. चूक दोन्हींत सारखी, म्हणून प्रत्येकात ३०० किमी जादा आहेत. खरी अंतरं २१,००० आणि १९,००० किमी, आणि घड्याळ सुमारे १ मिलिसेकंद पुढे. जागाही मिळाली आणि घड्याळही लावून झालं. रेषेवर जागेचा अज्ञात एकच होता, तरी उपग्रह दोन लागले. अवकाशात जागेचे अज्ञात तीन, घड्याळाचा चौथा, म्हणून समीकरणं चार:

```
P_i = sqrt((X_i-x)^2 + (Y_i-y)^2 + (Z_i-z)^2) + c*b
```

`P_i` हे छद्म-अंतर, `X_i, Y_i, Z_i` ही उपग्रहाची जागा, `x, y, z` ही रिसीव्हरची जागा, `c` हा प्रकाशाचा वेग आणि `b` ही घड्याळाची चूक. उपग्रहाची जागा त्याच्याच संदेशातल्या कक्षेच्या आकड्यांवरून काढतात. ते आकडे दर ३० सेकंदांनी पुन्हा येतात, त्यामुळे नेटची मदत नसलेला रिसीव्हर बऱ्याच काळानंतर चालू केला तर पहिली जागा दाखवायला सहसा साधारण तेवढा वेळ घेतो. समीकरणं वर्गमुळाची असल्यामुळे ती सहसा एका दमात सोडवत नाहीत. एक अंदाजी जागा धरायची (पृथ्वीचा मध्य धरला तरी चालतो), तिथून अंतरं किती यायला हवीत ते काढायचं आणि मोजलेल्यांशी फरक पाहून चारही अज्ञात दुरुस्त करायचे. सहसा चार-पाच फेऱ्यांत उत्तर स्थिरावतं.

आता उंची. वरच्या रेषेवर दोन्ही उपग्रह एकाच बाजूला ठेवून पाहा. रिसीव्हर ३०० किमी लांब सरकला काय किंवा घड्याळ १ मिलिसेकंद पुढे गेलं काय, दोन्ही आकडे सारखेच वाढतील. कारण कोणतं ते ओळखताच येणार नाही. उंचीच्या बाबतीत जवळपास हेच घडतं: पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण अशा चारी दिशांना उपग्रह मिळतात, पण खाली पृथ्वी आड येते, म्हणून सगळे वरच्याच बाजूला. उंची आणि घड्याळ वेगळे करता येतात ते केवळ काही उपग्रह क्षितिजाजवळ असतात म्हणून. उंची बदलली तर त्यांची अंतरं फारशी बदलत नाहीत, डोक्यावरच्याची मात्र पूर्ण बदलतात. अडचण अशी की क्षितिजाजवळचा सिग्नल वातावरणातून तिरका, लांबचा रस्ता कापून येतो, त्यामुळे त्याच्या मोजणीत चूकही जास्त. इमारतींच्या दाटीत तर तो थेट न येता भिंतीवर आपटून, म्हणजे अंतर वाढूनच येतो.

तुमच्या बाबतीत काय होतंय ते पाहायचं असेल तर एनएमईए, म्हणजे रिसीव्हर ठरलेल्या नमुन्यात देतो त्या कच्च्या ओळी, दाखवणारं कुठलंही ॲप घ्या आणि `GSA` ओळ बघा. तिच्यात `PDOP`, `HDOP`, `VDOP` हे आकडे असतात: पहिला एकूण जागेचा, दुसरा आडव्या जागेचा, तिसरा उंचीचा. उपग्रहांच्या मांडणीमुळे मोजणीतली चूक किती पटीने वाढते, ते हे आकडे सांगतात. मोकळ्या मैदानातही `VDOP` साधारणपणे `HDOP`पेक्षा मोठाच दिसेल. दोन्ही लहान असूनही जागा उड्या मारत असेल, तर दोष मांडणीचा नाही, परावर्तित सिग्नलचा संशय घ्या. आणि उंची उड्या न मारता कायम ठरावीक आकड्यानेच चुकत असेल, तर ॲप समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतंय की पृथ्वीसाठी गणितात धरलेल्या लंबगोलापासूनची, ते आधी तपासा. या दोन्हींत काही ठिकाणी १०० मीटरच्या आसपास फरक असतो आणि तो रिसीव्हरचा दोष नव्हे.