हुकवर्म की आवरण गेलेलं ॲस्कॅरिस?

प्रश्न: सावंतवाडीला लॅबमध्ये शिकतेय. स्टूलच्या सलाइन माउंटच्या फोटोत बिनरंगी लंबगोल अंडं दिसतंय. हुकवर्म की बाहेरचं आवरण गेलेलं ॲस्कॅरिस? बाजूचे छोटे गोल सिस्ट आहेत का?

उत्तर: आधी कवच बघा. हुकवर्मचं कवच बारीक रेषेइतकं पातळ असतं. आत बहुधा चार ते आठ पेशींचा पुंजका असतो आणि त्याच्याभोवती स्वच्छ मोकळी जागा. ॲस्कॅरिसचं खडबडीत आवरण गेलं तरी खालचं कवच जाडच राहतं. फोटोत फोकस फिरवता येत नाही, म्हणून शंका आली की मूळ स्लाइड मागा. लांबीवर विसंबू नका: हुकवर्म साधारण 60 मायक्रॉन, ॲस्कॅरिस 45 ते 75.

अंड्यात पेशी खूप किंवा चक्क अळी दिसली, तर नमुना कधी घेतला ते विचारा. आपल्याकडच्या दमट उकाड्यात डबी एक-दोन दिवस पडून राहिली की अंडी फुटून अळ्या निघतात आणि रिपोर्टात भलतंच स्ट्राँगिलॉइडिस जातं. अळीची मुखपोकळी लांब असेल तर हुकवर्म, आखूड असेल तर स्ट्राँगिलॉइडिस.

छोट्या गोलांबद्दल आयोडीनशिवाय बोलू नये. आयोडीनमध्ये एक ते चार केंद्रकं दिसली आणि आकार 10 ते 20 मायक्रॉन असला, तर एन्टामिबाच्या सिस्टचा विचार करा. केंद्रकच नाही, नुसती चकाकी आहे, तर बहुतेक चरबीचा थेंब.