पहाटेचा खोकला, छातीत शिट्टी: दमा की रेंगाळलेली सर्दी?

वय ३८, हडपसरला राहतो. सर्दी होऊन महिना झाला, तरी पहाटे खोकल्याने जाग येते, छातीत शिट्टी वाजते. दमा असेल का?

शक्यता बरीच आहे, पण नुसत्या आवाजावरून ठरत नाही. सर्दीनंतरचा खोकला रेंगाळला तरी आठवड्यागणिक ओसरत जातो. दमा चढउतार करतो: दुपारी माणूस ठणठणीत, पहाटे छाती आवळलेली. पहाटे श्वासनलिका सगळ्यांच्याच किंचित अरुंद होतात. दम्यात त्या आधीच सुजलेल्या असतात.

हा चढउतार घरी मोजता येतो. औषधाच्या दुकानातून पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा वेग मोजणारं छोटं यंत्र, आणा. सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी उभे राहून छाती भरून श्वास घ्या, ओठ घट्ट मिटून एका झटक्यात फुंका. तीनदा फुंकून सर्वात मोठा आकडा लिहा. समजा सकाळी ३२० आणि संध्याकाळी ४०० आले. फरक ८०, सरासरी ३६०, म्हणजे २२ टक्के. दोन आठवडे रोज असा हिशेब करून सरासरी १० टक्क्यांवर गेली, तर दम्याकडे बोट जाते. गाल फुगवून फुंकलेत तर आकडा खोटा येतो.

वही घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा. ते स्पायरोमेट्री, म्हणजे किती हवा किती वेगाने बाहेर पडते हे मोजणारी फुंकण्याची चाचणी, करतील, मग इनहेलर देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा. दुपारची चाचणी नॉर्मल आली म्हणून दमा नाही, असं मात्र नाही. खोकला दोन आठवड्यांवर गेलाय, तेव्हा थुंकीची टीबी तपासणीही कराच. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

बोलताना वाक्य पुरं होईना किंवा ओठ निळसर दिसले, तर मीटर बाजूला ठेवून १०८ लावा.