लाख्यात म्हणजे भूतकाळ नव्हे

प्रश्न: काळ आणि अस्पेक्ट यांत नेमका फरक काय? चिनी भाषेला काळच नसतो म्हणतात, मग त्यांना कालचं आणि उद्याचं कसं कळतं? स्पर्धा परीक्षेच्या दृष्टीने सोपं करून सांगा.

उत्तर:

काळ सांगतो की घटना बोलण्याच्या क्षणाच्या आधीची, त्याच क्षणाची की नंतरची. अस्पेक्ट, म्हणजे आपल्याकडे ज्याला क्रियाव्याप्ती म्हणतात ती, हे सांगते की बोलणारा त्या घटनेकडे कसा बघतोय. सुरुवातीपासून शेवटापर्यंत अख्खी एकदम बघतोय (पर्फेक्टिव्ह), की ती चालू असताना तिच्या आतून बघतोय (इम्पर्फेक्टिव्ह). 'काल तो जेवला' आणि 'काल तो जेवत होता', दोन्हींचा काळ एकच आहे. फरक आहे तो फक्त क्रियाव्याप्तीचा.

इथपर्यंत सगळे मान डोलावतात. भांडण पुढे सुरू होतं, कारण शाळेच्या तक्त्याने या दोन गोष्टी एकाच रकान्यात कोंबल्या आहेत: साधा भूतकाळ, अपूर्ण भूतकाळ, पूर्ण भूतकाळ, रीती भूतकाळ. यात 'भूत' हा काळ आहे आणि 'अपूर्ण', 'रीती' ही क्रियाव्याप्ती आहे. तक्ता पाठ केलेल्या माणसाला मग वाटतं की 'आला', 'गेला', 'खाल्ली' ही ल-प्रत्ययाची रूपं, म्हणजे व्याकरणातलं लाख्यात, म्हणजेच भूतकाळ.

अहिराणीतल्या 'काय करी ऱ्हायना?', म्हणजे 'काय करतोय?', या वाक्यावरून एका बैठकीत माझा असाच वाद झाला. समोरचे गृहस्थ शिकले-सवरलेले होते. त्यांचं म्हणणं असं: 'उना' म्हणजे आला, 'ऱ्हायना' म्हणजे राहिला, दोन्ही भूतकाळ. मग आत्ता चाललेल्या कामाबद्दल 'करी ऱ्हायना' म्हणणं ही काळाची गल्लत आहे, बोलीभाषा अशुद्ध असते ती अशी. शब्दाची फोड त्यांनी बरोबर केली, निष्कर्ष सपशेल चुकला. तीच 'गल्लत' हिंदी 'कर रहा है' मध्ये करते आणि वऱ्हाडी 'करून राहिला' मध्ये करते. तेवढ्यावर थांबत नाही, पुण्याची प्रमाण मराठीही ती दिवसातून शंभरदा करते.

कशी ते बघा. पोटात कावळे ओरडत असताना आपण म्हणतो 'भूक लागली'. ही भूक कालची नाही, आत्ताची आहे. धुळ्याच्या स्टँडवर बस अजून वळणावर दिसतेय तोच कोणीतरी ओरडतो 'आली, आली'. घरातून कोणी हाक मारली की खाटेवरून न उठता आपण म्हणतो 'आलोच', म्हणजे अजून निघालेलोही नाही. आणि 'उद्या कापूस वेचला की गाडी भरू' या वाक्यात वेचणं सरळसरळ उद्याचं आहे. चारही ठिकाणी रूप ल-चं. हे रूप भूतकाळाचं असेल तर मराठी माणसाला काळ कळतच नाही असं म्हणावं लागेल.

उलगडा सोपा आहे. ल-रूप घटना अख्खी घेतं. ती कधीची हे संदर्भावर सोडतं. 'वेचला की' मध्ये वेचणी पूर्ण एक घटना म्हणून घेतली आहे आणि गाडी भरणं तिच्यानंतर लावलं आहे. 'भूक लागली' मध्ये लागण्याची घटना पार पडली आणि तिचा परिणाम आत्ता शिल्लक आहे. 'करी ऱ्हायना' चंही तसंच: करण्यात राहण्याची घटना घडली, म्हणून आता तो त्यात आहे. मूळ रूप पर्फेक्टिव्ह, पण परिणामाची अवस्था चालू असल्याने अख्खी रचना चालू वर्तमानाचं काम करते. यात कुठेच गल्लत नाही.

सगळ्यात ठाम पुरावा 'ने' चा आहे. 'तो भाकर खातो', 'तो भाकर खात होता', 'तो भाकर खाईल' यांत कर्ता साधा. 'त्याने भाकर खाल्ली' म्हटलं की कर्त्याला 'ने' लागतो आणि क्रियापद भाकरीप्रमाणे स्त्रीलिंगी होतं. हे भूतकाळामुळे होत असेल तर 'खात होता' मध्येही व्हायला हवं होतं, कारण तोही भूतकाळच आहे. तिथे होत नाही. आता हेच वाक्य उद्यावर ढकला: 'उद्या त्याने भाकर खाल्ली की आपण निघू'. काळ भविष्य झाला तरी 'ने' जागेवर आहे. म्हणजे 'ने' ला काळाशी देणंघेणं नाही, तो क्रियाव्याप्ती बघून येतो. त्या बैठकीत मी हेच वाक्य फळ्यावर लिहिलं होतं. उत्तर आलं की 'असे अपवाद असतात'. जे घराघरात रोज बोलतात त्याला अपवाद म्हणत नाहीत.

आता चिनीकडे या. मँडरिनमध्ये 'ल' असा एक छोटा शब्द क्रियापदाला लागतो. आपल्या ल-शी त्याचं काही नातं नाही, आवाजाचं साम्य निव्वळ योगायोग आहे. आपला ल प्राकृतातल्या 'इल्ल' प्रत्ययातून आलेला, मँडरिन तर वेगळ्याच घराण्यातली. पण काम बघा. 'मिंगथ्येन श्या ल ख, वो च्यो लाय' म्हणजे 'उद्या तास संपला की मी येतो'. 'श्या' सुटणं, 'ख' तास, 'ल' पर्फेक्टिव्ह. पहिला शब्द बदलून 'त्स्वोथ्येन', म्हणजे काल, ठेवला आणि शेवटी आणखी एक 'ल' जोडला की तेच वाक्य कालचं होतं. मधला 'श्या ल ख' दोन्हीकडे जसाच्या तसा. कालचं की उद्याचं हे 'मिंगथ्येन' आणि 'त्स्वोथ्येन' सांगतात, शिवाय बोलण्याचा संदर्भ असतोच. क्रियापद फक्त एवढंच सांगतं की तास सुटण्याची घटना अख्खी धरायची. आपल्या 'संपला की' मध्येही हेच चाललंय, तरी मराठीला 'काळ नसलेली भाषा' असं कोणी म्हणत नाही. भूक लागल्यावर मँडरिन बोलणारा 'वो अ ल' म्हणतो, शब्दशः 'मी भुकेला ल'. मात्र वाक्याच्या शेवटी येणारा हा 'ल' परिस्थिती बदलली असं सांगतो, आणि पुष्कळ अभ्यासक त्याला क्रियापदाला चिकटणाऱ्या 'ल' पासून वेगळा मानतात.

तिसरं घराणं सेमिटिक. अरबीत 'कतब' (त्याने लिहिलं) आणि 'यक्तुबु' (तो लिहितो) अशी दोन मुख्य रूपं. पहिल्याला अरबी व्याकरणकारही 'माज़ी', म्हणजे गेलेलं, असंच म्हणतात, त्यामुळे आपल्या तक्त्यासारखीच फसगत तिथेही होते. पण कुराणाच्या 110 व्या सूरेची सुरुवात 'इज़ा जाअ नस्रुल्लाह' अशी आहे. 'जाअ' हे येण्याचं माज़ी रूप, आणि अर्थ 'जेव्हा अल्लाहची मदत येईल'. मराठीत सांगायचं तर 'मदत आली की'. उलट बाजूने, 'कान यक्तुबु' म्हणजे 'तो लिहीत होता'. इथे 'कान' भूतकाळ सांगतो आणि 'यक्तुबु' चालूपण सांगतो. वर्तमानाचं वाटणारं रूप भूतकाळात निवांत बसलं, अगदी आपल्या 'लिहीत होता' मधल्या 'लिहीत' सारखं.

एकमेकांशी सोयरीक नसलेल्या तीन भाषा, आणि 'आली की' या एकाच जागी तिन्ही पर्फेक्टिव्ह वापरतात. कारण दुसरी घटना पहिलीच्या मागे लावायची तर पहिलीला कड असावी लागते. चालू असलेल्या, कड नसलेल्या घटनेच्या मागे काही लावता येत नाही.

याच तर्काने आणखी एक गोष्ट कळते. बोलण्याच्या क्षणी चालू असलेली घटना अख्खी दिसू शकत नाही, म्हणून खरा 'पर्फेक्टिव्ह वर्तमान' सहसा मिळत नाही. रशियन यात फार स्वच्छ आहे (ती आपल्याच इंडो-युरोपीय भाऊबंदकीतली, म्हणून वरच्या हिशेबात धरली नाही). 'पिशू' म्हणजे मी लिहितोय. त्याला 'ना' उपसर्ग लावून पर्फेक्टिव्ह केलं, 'नापिशू', की प्रत्यय वर्तमानाचाच राहतो पण अर्थ 'लिहीन, लिहून काढीन' असा होतो. वर्तमानात जागा नाही म्हणून पर्फेक्टिव्ह भविष्यात सरकतो.

रूप ओळखायचं कसं? 'मी आलो तेव्हा' याच्यापुढे वाक्य लावा. 'मी आलो तेव्हा तो जेवत होता' म्हणजे जेवण आधीपासून चाललेलं, माझं येणं त्याच्या मधे पडलं. 'मी आलो तेव्हा तो जेवला' म्हणजे मी आल्यावर मग जेवला. घटना एकामागून एक लागल्या की पर्फेक्टिव्ह, एक दुसरीच्या पोटात गेली की इम्पर्फेक्टिव्ह. ही परीक्षा पुष्कळ भाषांत चालते. फक्त वाक्य तुम्ही रचू नका, ती भाषा बोलणाऱ्याला विचारा.

पर्फेक्टिव्ह म्हणजे 'काम पूर्ण झालं' असं मात्र धरू नका, इथे पुष्कळजण घसरतात. 'मी तासभर वाट पाहिली' हे पर्फेक्टिव्ह आहे, पण तो आलाच असं काही नाही. 'भाकर खाल्ली, पण संपली नाही' चालतं. 'भाकर खाऊन टाकली, पण संपली नाही' कानाला खटकतं, कारण संपवण्याची हमी 'टाकणे' देतं, ल देत नाही. आणि शाळेतला 'पूर्ण वर्तमानकाळ' ('आला आहे') हा तिसराच प्रकार, पर्फेक्ट. नावं जुळी असली तरी पर्फेक्टिव्ह वेगळा.

परीक्षेत 'काळ ओळखा' आलं तर निमूटपणे तक्त्यातलं उत्तर लिहा, गुण तिथेच आहेत. पण त्याच पुस्तकात आख्यातांचं जे पान सगळे उलटून टाकतात ते वाचा. ताख्यात, लाख्यात, वाख्यात, ईलाख्यात: रूपाला त्याच्या प्रत्ययाचं नाव दिलंय, काळाचा दावा केलेला नाही. माझ्या मते तक्त्यापेक्षा हे पान जास्त प्रामाणिक आहे.

दोन गोष्टी राहिल्या. एकट्या सुट्या वाक्यात 'तो आला' चा अर्थ बहुतेक वेळा भूतकाळाचाच लागतो, अरबी 'कतब' चंही तसंच. त्यामुळे या भाषांत काळ अजिबात नाही असं मी म्हणत नाही, आणि अरबीत काळ प्रधान की क्रियाव्याप्ती यावर जाणकारांत अजून एकमत नाही. दुसरं, 'ने' दिसला की लगेच पर्फेक्टिव्ह म्हणू नका. 'त्याने जावं', 'त्याने खायला पाहिजे' मध्येही 'ने' आहे. तो वेगळ्या कारणाने येतो. उलट शिकणे, विसरणे, बोलणे ही क्रियापदं कर्म घेऊनही 'ने' घेत नाहीत: 'तो मराठी शिकला', 'तो नाव विसरला'. म्हणून 'ने' ची परीक्षा घ्यायची तर खाणे, लिहिणे, कापणे असली क्रियापदं घ्या.